जागा आहे, पण वाट नाही

निकेल हा धातू विजेचा चांगला वाहक आहे. पण हाच निकेल ऑक्सिजनशी एकास एक प्रमाणात जोडला गेला, की चित्र पार बदलते. शुद्ध निकेल ऑक्साइड ही फिकट हिरवी भुकटी असते. ती साच्यात दाबून, भट्टीत भाजून तिची घट्ट वडी करावी आणि दोन्ही बाजूंना मीटरच्या तारा लावाव्यात, तर काटा जागचा हलत नाही.

यात आश्चर्य कसले, असे कुणी विचारेल. चिनी मातीची कपबशी, काच, अल्युमिनियमच्या भांड्यावर धरणारा ऑक्साइडचा पातळ थर, यांच्यातूनही वीज जात नाही. धातूचे ऑक्साइड झाले की वहन संपते, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. पण त्या पदार्थांतून वीज का जात नाही, हे १९३० च्या सुमाराला तयार झालेला सिद्धांत चोख सांगतो. निकेल ऑक्साइडच्या बाबतीत मात्र तोच सिद्धांत तितक्याच ठामपणे सांगतो की हा पदार्थ धातूसारखा वाहक असायला हवा. चूक थोडीथोडकी नाही. धातू आणि रोधक यांच्यामधली रेघच चुकते आहे.

तो सिद्धांत आधी नीट पाहू. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. असे असंख्य अणू स्फटिकात शेजारी-शेजारी आले, की एका अणूवरचा इलेक्ट्रॉन पुढच्या अणूवर, तिथून त्याच्या पुढच्या अणूवर सरकू शकतो. मग एकेका अणूची ती एक पातळी उरत नाही. तिच्या जागी अगदी जवळजवळच्या पातळ्यांचा एक पट्टा तयार होतो. अणू जितके, तितक्याच पातळ्या त्या पट्ट्यात असतात आणि प्रत्येक पातळीत परस्परविरुद्ध स्पिनचे दोनच इलेक्ट्रॉन मावतात. म्हणजे एकूण जागा अणूंच्या दुप्पट.

पट्टा पूर्ण भरला असेल, तर उजवीकडे जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला डावीकडे जाणारा जोडीदार असतो आणि निव्वळ प्रवाह शून्य राहतो. हा तोल मोडायचा तर इलेक्ट्रॉनला मधली रिकामी दरी ओलांडून वरच्या पट्ट्यात उडी मारावी लागते. पट्टा अर्धाच भरला असेल, तर मात्र लागूनच रिकाम्या पातळ्या असतात. बॅटरीचा जरासा धक्का पुरतो आणि वीज वाहू लागते. केंब्रिजच्या ॲलन विल्सन यांनी १९३१ मध्ये हा नियम स्वच्छ मांडला. भरलेला पट्टा म्हणजे रोधक, अर्धवट भरलेला म्हणजे वाहक. सोडियम, तांबे, हिरा, मीठ, सगळे या नियमात बसले. मॅग्नेशियम ऑक्साइडही बसले. त्यात ऑक्सिजनचा पट्टा काठोकाठ भरलेला आहे आणि मॅग्नेशियमचा रिकामा.

निकेल ऑक्साइडमधली अणूंची मांडणी मॅग्नेशियम ऑक्साइडसारखीच आहे, मिठाच्या स्फटिकासारखी. प्रत्येक निकेलच्या सहा बाजूंना सहा ऑक्सिजन असतात. इथेही धातूच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दिलेले असतात आणि ऑक्सिजनचा पट्टा भरलेला असतो. फरक निकेलजवळ उरलेल्या इलेक्ट्रॉनांचा. त्याच्या बाहेरच्या ‘डी’ कवचात आठ इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. डी कवचात पाच ऑर्बिटल असतात. भोवतालच्या सहा ऑक्सिजनांमुळे त्यांचे दोन गट पडतात. तीन ऑर्बिटलांचे फाटे ऑक्सिजनांच्या मधल्या मोकळ्या दिशांना असतात, त्यांची ऊर्जा कमी. उरलेल्या दोघांचे फाटे थेट ऑक्सिजनांकडे रोखलेले, त्यांची ऊर्जा जास्त. आठांपैकी सहा इलेक्ट्रॉन खालची तीन ऑर्बिटल भरून टाकतात. राहिलेले दोन वरच्या दोन ऑर्बिटलांत जातात, आणि तिथे जागा चार. म्हणजे पट्टा बरोबर अर्धा भरलेला. कोबाल्ट ऑक्साइडची मांडणीही तशीच, पण तिथे डी कवचात सातच इलेक्ट्रॉन आहेत. संख्या विषम, त्यामुळे पट्टे कसेही मांडले तरी साध्या हिशेबाने एक तरी पट्टा अर्धवट राहणारच. तोही रोधकच आहे.

ही अडचण जाहीरपणे पुढे आली ती १९३७ च्या जुलैमध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका परिषदेत. आयंडहोवनच्या फिलिप्स प्रयोगशाळेतले यान हेंड्रिक द बूर आणि एव्हर्ट फर्वे यांनी अशा ऑक्साइडांची मोजमापे मांडली आणि सांगितले, की अर्धवट भरलेले पट्टे असूनही हे पदार्थ वीज वाहून नेत नाहीत. नियमाला अपवाद एखादा नव्हता, पदार्थांचे आख्खे कुटुंबच होते. त्यांना स्वतःला वाटत होते, की दोन धातू-आयनांच्या मधली भिंत जाड असल्याने इलेक्ट्रॉन पलीकडे क्वचितच पोचत असावेत. पण भिंत जाड असेल तर पट्टा अरुंद होईल आणि वहन मंदावेल, ते थांबणार नाही. या निबंधावर रुडॉल्फ पायर्ल्स यांनी एक मुद्दा मांडला, तो ब्रिस्टलमधलेच प्राध्यापक नेव्हिल मॉट यांनी चर्चेत नोंदवला आणि कार्यवृत्तात तो अगदी थोडक्या जागेत छापला गेला. मुद्दा असा, की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात हे आपण विसरतो आहोत. एखादा इलेक्ट्रॉन भिंत ओलांडून शेजारी गेलाच, तर तिथे आधीच कुणी तरी बसलेले असते. प्रत्येक ठिकाणी त्याला दुसऱ्याच्या जागेत शिरावे लागते.

एसटीची गाडी डोळ्यांपुढे आणावी. दोघांच्या बाकावर एकेकच प्रवासी बसला आहे, सगळ्या गाडीभर. वाहकाने जागा मोजल्या तर गाडी अर्धी रिकामी आहे. पण उठून दुसरीकडे बसायचे तर प्रत्येक वेळी कुणाच्या तरी शेजारीच बसावे लागणार, आणि इथे कुणालाही ते नको आहे. म्हणून अर्धी गाडी रिकामी असूनही कुणी हलत नाही. एक प्रवासी मध्येच उतरला, तर मात्र एक बाक पूर्ण मोकळा होतो. शेजारचा तिथे सरकू शकतो, त्याच्या जागी त्याच्या मागचा, आणि ती मोकळी जागा गाडीभर फिरू लागते. निकेल ऑक्साइडमध्ये नेमके हेच घडते, आणि शेवटचा भागही घडवून पाहता येतो. त्याकडे पुढे येऊ.

पट्टा सिद्धांताने इलेक्ट्रॉनांचे ढकलणे अगदीच सोडून दिले होते, असे मात्र नाही. त्याने ते सरासरीने धरले. प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचा एक पसरलेला, स्थिर ढग दिसतो आणि त्या ढगातून तो एकटा प्रवास करतो, असे गृहीत होते. या गृहीतकात कोण कुठल्या क्षणी कुठे आहे, ही माहितीच नाहीशी होते. तिची किंमत किती, हे एका छोट्या हिशेबाने कळते. सोयीसाठी निकेलची दोन ऑर्बिटल बाजूला ठेवून प्रत्येक अणूवर एकच ऑर्बिटल, दोन जागा आणि सरासरी एक इलेक्ट्रॉन धरू.

इलेक्ट्रॉन खरोखर एकमेकांची दखल न घेता फिरत असतील, तर एखाद्या अणूवर वरच्या स्पिनचा इलेक्ट्रॉन असण्याची शक्यता निम्मी आणि खालच्या स्पिनचा असण्याचीही निम्मी. दोन्ही एकदम असण्याची शक्यता पाव, एकही नसण्याची पाव, आणि एकच असण्याची निम्मी. म्हणजे कुठल्याही क्षणी स्फटिकातल्या पाव अणूंवर दोन-दोन इलेक्ट्रॉन कोंबलेले आणि पाव अणू रिकामे. कोंबलेल्या प्रत्येक जोडीला ऊर्जेचा भुर्दंड पडतो. त्याला U म्हणू. दर अणूमागे सरासरी तोटा झाला U/4. उलट मोकळेपणी पसरण्याचा फायदाही असतो, कारण क्वांटम नियमांनुसार इलेक्ट्रॉनला जितकी जागा अधिक तितकी त्याची गतिज ऊर्जा कमी होते. पट्ट्याची रुंदी W धरली आणि पातळ्या त्यात समान पसरल्या आहेत असे मानले, तर अर्ध्या भरलेल्या पट्ट्यात दर अणूमागे हा फायदा W/4 येतो. दोन्हीतला पाव काढून टाकला की सामना सरळ U आणि W यांच्यात उरतो. पट्टा रुंद आणि भुर्दंड छोटा असेल तर पसरणे परवडते, पदार्थ धातू होतो. भुर्दंड मोठा असेल तर प्रत्येकाने आपापल्या अणूवर थांबणे स्वस्त पडते. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी सीमारेषा कुठे, हे ठरवणे फार अवघड गणित आहे, पण सामना कोणाकोणात आहे हे तो बरोबर दाखवतो.

आता आकडे भरू. दोन शेजारी निकेल आयनांपैकी एकावरचा इलेक्ट्रॉन उचलून दुसऱ्यावर ठेवला, की एकाजवळ सात आणि दुसऱ्याजवळ नऊ इलेक्ट्रॉन होतात. आयन सुटे, निर्वातात असते, तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनसाठी सुमारे ३५.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्च करावे लागले असते आणि दुसरीकडे ठेवताना सुमारे १८.२ परत मिळाले असते. म्हणजे नक्त भुर्दंड १७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. स्फटिकात भोवतालचे आयन आपले इलेक्ट्रॉन-ढग किंचित सरकवून हा धक्का सौम्य करतात, तरी सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट राहतातच. निकेलचा डी पट्टा मात्र जेमतेम एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद, कारण डी ऑर्बिटल अणूजवळ आखडलेले असतात आणि दोन निकेलच्या मध्ये ऑक्सिजन उभा असतो. सामना इथेच संपतो. तांब्याच्या तारेतले वहन करणारे इलेक्ट्रॉन उलट चांगले पसरलेले असतात. त्यांचा पट्टा कितीतरी रुंद असतो, आणि भोवतीचे इतर फिरते इलेक्ट्रॉन त्यांचे आपापसातले ढकलणे झाकून टाकतात. तांब्याचाही पट्टा अर्धाच भरलेला आहे, पण तिथे पसरण्याचा फायदा जिंकतो.

मॉट यांनी १९४९ मध्ये हाच प्रश्न हायड्रोजनवर घेतला. समजा, हायड्रोजनचे अणू एका जाळीत मांडले आणि मग जाळी ताणत नेली. दोन अणूंमधले अंतर एक सेंटिमीटर झाले तरी प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन, म्हणून पट्टा अर्धा भरलेला, म्हणून धातू, असे पट्टा सिद्धांत म्हणतच राहील. सेंटिमीटरभर दूर असलेल्या अणूंमधून वीज वाहणार नाही हे उघड आहे. तेव्हा ताणता-ताणता कुठेतरी धातूचा रोधक व्हायलाच हवा. मला हा युक्तिवाद या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो, कारण त्याला एकही मोजमाप लागत नाही. पुढे १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथल्या जॉन हबर्ड यांनी वरचा U गणिती प्रतिकृतीत बसवला आणि अशा पदार्थांना ‘मॉट रोधक’ हे नाव रूढ झाले. मॉट यांना १९७७ चे नोबेल फिलिप अँडरसन आणि जॉन व्हॅन व्लेक यांच्यासोबत मिळाले.

इलेक्ट्रॉन खरोखरच आपापल्या निकेलवर बसून आहेत, हे कशावरून? याचा सर्वांत जवळचा पुरावा भुकटीच्या हिरव्या रंगात आहे. बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निकेल सल्फेटचे हिरवे द्रावण अनेकांनी परीक्षानळीत हलवलेले असते. त्या द्रावणात निकेलचा प्रत्येक आयन सुटा असतो. त्याच्या सहा बाजूंना पाण्याचे सहा रेणू आणि त्यांतले सहा ऑक्सिजन. असा आयन तीन ठिकाणी प्रकाश शोषतो, साधारण १.१, १.७ आणि ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टला. पहिले शोषण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्तात, दुसरे तांबड्यात, तिसरे जांभळ्यात. मधला हिरवा उरतो. आता घन निकेल ऑक्साइडचा वर्णपट घ्या. तिथली शोषणे साधारण १.१, १.७५ आणि २.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहेत. पाण्यात एकटा तरंगणारा आयन आणि अब्जावधी निकेल आयनांच्या गर्दीत बसलेला आयन जवळपास एकच रंग दाखवतात. डी इलेक्ट्रॉन साऱ्या स्फटिकभर पसरले असते, तर एकट्या आयनाची ही ओळख टिकलीच नसती, आणि पदार्थ चकाकता व अपारदर्शक झाला असता. शोषलेला प्रकाश त्याच आयनाच्या आतल्या आत इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलतो. शेजारी काहीच जात नाही, म्हणून त्या प्रकाशाने वीजही वाहत नाही.

विजेसाठी इलेक्ट्रॉन खरोखर दुसरीकडे न्यावा लागतो. त्याची किंमत जॉर्ज सवाट्झकी आणि जेम्स ॲलन यांनी १९८४ मध्ये मोजली. प्रकाशाचा मारा करून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते आणि बाहेरून आत सोडला तर किती परत मिळते, या दोन्ही मोजमापांतली दरी त्यांना सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दिसली. खोलीच्या तापमानाला उष्णतेकडून मिळणारी सरासरी ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चार इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी धरून हिशेब केला तर दर एकावर तेहतीस शून्ये इतक्या आयनांमागे एखादा इलेक्ट्रॉन आपोआप सुटलेला सापडेल. एका घन सेंटिमीटरमध्ये निकेलचे आयन असतात पाचावर बावीस शून्ये. अर्थात निर्दोष निकेल ऑक्साइडच्या वाटाण्याएवढ्या खड्यात सुटा इलेक्ट्रॉन एकही नसायला हवा.

प्रत्यक्षात खडा तितका निर्दोष कधीच नसतो, आणि या विषयावर काम करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळते ते हेच. निकेल ऑक्साइड कमी तापमानाला, भरपूर हवेत तयार केले, तर स्फटिकात काही निकेलच्या जागा रिकाम्या राहतात. प्रत्येक रिकाम्या जागेमागे दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात. म्हणजे गाडीतून काही प्रवासी उतरले. मोकळ्या झालेल्या जागा फिरू लागतात, वीज वाहते आणि भुकटी काळी दिसते. म्हणूनच बाजारात हिरवे आणि काळे अशी दोन्ही निकेल ऑक्साइडे मिळतात. काळे जोरदार तापवून काढले तर जादा ऑक्सिजन निघून जातो आणि रंग हिरव्याकडे वळतो. कुणाच्या नमुन्यातून वीज वाहिली, तर आधी नमुन्याचा रंग विचारावा. आणखी एक खूण तापमानाची. धातू तापवला तर त्याचा विद्युतरोध वाढतो. निकेल ऑक्साइड तापवले तर तो झपाट्याने घटतो.

फर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच उणीव मुद्दाम, मोजून-मापून घडवली. १९५० मध्ये त्यांनी निकेलच्या काही जागी लिथियम घातले. लिथियम एकच इलेक्ट्रॉन देऊ शकते, निकेल दोन. त्यामुळे प्रत्येक लिथियममागे स्फटिकात एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. शेकड्याला थोडेसे लिथियम, आणि विद्युतरोध कोट्यवधी पटींनी उतरतो. पट्टा सिद्धांताच्या नजरेने पाहिले तर हे अनाकलनीय आहे. अर्ध्या भरलेल्या पट्ट्यातून शंभरातला एक इलेक्ट्रॉन काढला, तर वाहक तो वाहकच राहायला हवा, फारतर एक टक्का फरक पडावा. एक टक्क्याने एवढी उलथापालथ होते, कारण आधी सगळे एकमेकांमुळे अडकलेले होते.

या स्पष्टीकरणाला एक गंभीर आक्षेप होता आणि तो घेणारे होते अमेरिकेतले जॉन स्लेटर. अशा ऑक्साइडांत प्रत्येक धातू-आयन छोटा चुंबक असतो आणि थंड असताना हे चुंबक आळीपाळीने उलटसुलट लागतात. न्यूट्रॉनांचा झोत वापरून क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी १९४९ मध्ये मँगनीज ऑक्साइडमध्ये ही रचना प्रत्यक्ष दाखवली, आणि पाठोपाठ ती निकेल ऑक्साइडमध्येही दिसली. स्लेटर यांनी १९५१ मध्ये म्हटले, की उलटसुलट मांडणीमुळे स्फटिकाचा पुनरावृत्तीचा टप्पा दुप्पट होतो, त्यामुळे अर्धा भरलेला पट्टा मधोमध फाटतो, आणि खालचा अर्धा भाग पूर्ण भरलेला पट्टा बनतो. पट्टा सिद्धांत वाचला, मॉट यांची गरज नाही.

आक्षेप चांगला होता, कारण त्याची परीक्षा घेता येत होती. स्लेटर बरोबर असतील, तर पदार्थ तापवून चुंबकांची शिस्त मोडताच तो धातू व्हायला हवा. निकेल ऑक्साइडमध्ये ही शिस्त सुमारे २५० अंश सेल्सिअसला मोडते. त्यापुढेही तो रोधकच राहतो. कोबाल्ट ऑक्साइडची शिस्त तर १७-१८ अंशांच्या आसपासच मोडते, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात कपाटातल्या बाटलीत असतानाही तो शिस्तीशिवाय असतो, आणि तरी रोधकच. शिवाय १९८४ मध्ये तेराकुरा आणि सहकाऱ्यांनी स्लेटर यांच्याच वाटेने, चुंबकीय मांडणी धरून पट्ट्यांचा तपशीलवार संगणकी हिशेब केला. निकेल ऑक्साइडला दरी आली, पण इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, खऱ्या दरीच्या दहाव्या भागाहूनही कमी. कोबाल्ट आणि लोहाच्या ऑक्साइडांना ती आलीच नाही, ती धातूच ठरली. खरे तर कारण आणि परिणाम उलटे आहेत. इलेक्ट्रॉन आधी आपापल्या आयनावर अडकतात, म्हणून तिथे छोटा चुंबक टिकतो. मग शेजारी क्षणभर डोकावण्याच्या मुभेतून त्या चुंबकांची उलटसुलट शिस्त उपजते. हे अँडरसन यांनी १९५९ मध्ये दाखवले. शिस्त मोडायला काही शतांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, अडकलेपण मोडायला चार लागतात.

मात्र मॉट यांचे मूळ चित्रही जसेच्या तसे उभे राहिले नाही. हा भाग लोकप्रिय लेखनात बहुधा सुटतो, म्हणून जरा थांबून सांगतो. निकेलवरून निकेलवर उडी मारायला सात-आठ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि मोजलेली दरी तर चारच्या आसपास. हा फरक कुठे गेला? उत्तर १९८५ मध्ये यान झानेन, सवाट्झकी आणि ॲलन यांनी दिले. निकेलजवळचा इलेक्ट्रॉन निकेलवर नेणे महाग असेल, तर ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन निकेलवर नेणे त्याहून स्वस्त पडू शकते. इलेक्ट्रॉन येतो ऑक्सिजनच्या भरलेल्या पट्ट्यातून आणि बसतो निकेलच्या आधीच व्यापलेल्या कवचात. उतरताना त्याला निकेलवरच्या आठ जणांचे ढकलणे सोसावेच लागते, म्हणून दरीचा वरचा काठ अजूनही त्या ढकलण्यानेच ठरतो. खालचा काठ मात्र ऑक्सिजनचा. अशा पदार्थांना विद्युतभार-स्थलांतर रोधक म्हणतात. हे खरे असेल, तर लिथियम घातल्यावर कमी पडणारा इलेक्ट्रॉन निकेलचा नसून बहुतांशी ऑक्सिजनचा असला पाहिजे. १९८९ मध्ये क्ष-किरणांनी ऑक्सिजनचीच तपासणी केली गेली. लिथियम वाढवत नेले तसे ऑक्सिजनच्या वर्णपटात रिकाम्या जागेचे नवे शिखर उगवत गेले. फर्वे यांनी कमी केलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरचे निघाले.

संगणकी हिशेबातही १९९१ मध्ये अनिसिमोव्ह, झानेन आणि अँडरसन या नावाच्याच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने, म्हणजे डेन्मार्कच्या ओले अँडरसन यांनी, पट्टा सिद्धांतावर डी इलेक्ट्रॉनांपुरता U हाताने बसवण्याची पद्धत काढली. निकेल ऑक्साइडला त्यातून काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची, खऱ्याच्या जवळपासची दरी मिळते. आज बॅटरीच्या पदार्थांचे हिशेब करणारेही ही पद्धत सर्रास वापरतात. तिची मर्यादा अशी, की चुंबकांची शिस्त गृहीत धरूनच ती चालते. शिस्त नसलेल्या, तापलेल्या निकेल ऑक्साइडसाठी इलेक्ट्रॉनांच्या क्षणोक्षणीच्या ये-जा सांभाळणारे बरेच जड गणित लागते.

राहिला तो U आणि W यांच्या सामन्याचा उलटा प्रयोग. मॉट यांनी जाळी ताणली होती, तशी ती दाबूनही पाहता येते. अणू जवळ आले की ऑर्बिटल एकमेकांत अधिक मिसळतात, पट्टा रुंदावतो, आणि U फारसा बदलत नाही. पुरेसा दाब दिला तर रोधकाचा धातू व्हायला हवा. मँगनीज ऑक्साइड हिऱ्याच्या दोन टोकांमध्ये दाबले, तर सुमारे दहा लाख वातावरणांच्या दाबाला ते धातू होते. निकेल ऑक्साइड फार चिवट निघाले. त्याचा रोध एकदम कोसळल्याचे मोजमाप २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, ते सुमारे चोवीस लाख वातावरणांच्या दाबाचे. पृथ्वीच्या केंद्रातल्या दाबाच्या हा सुमारे दोन-तृतीयांश आहे. पण त्यानंतर दुसऱ्या गटाने अठ्ठावीस लाख वातावरणांपर्यंत दाब नेऊन निकेलच्या अणुकेंद्रांकडून चुंबकत्वाची खबर घेतली, तर तेवढ्या दाबातही निकेल आयनांचे छोटे चुंबक शाबूत होते. वीज वाहू लागली, तरी डी इलेक्ट्रॉन पुरते सुटले असे त्यावरून म्हणता येत नाही. त्या दाबाला वहन निकेलच्या इलेक्ट्रॉनांचे की ऑक्सिजनच्या, हे ठरवायला रोध आणि चुंबकत्व एकाच नमुन्यावर, एकाच वेळी मोजावे लागेल, आणि त्या दाबाखालचा नमुना केसाच्या जाडीहूनही लहान असतो.